वरचे चौतीस हजार कुणाचे? दवाखान्याचं बिल, पॅकेजचा कागद आणि विम्याची मंजुरी शेजारी ठेवून बघा

बारामती / इंदापूर : २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. हप्ता थोडा हलका झाला. आपल्याकडे एमआयडीसीत कामाला असलेल्या पोरांना कंपनीची मेडिक्लेम असते आणि काही ठिकाणी त्यात आईवडिलांची नावंही घातलेली असतात. थोडक्यात, विम्याचं कार्ड आता गावागावांत पोचलं आहे. पण कार्ड असूनही डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर एक वाक्य ऐकायला मिळतंच. "विमा एवढा मंजूर झालाय, वरचे तुम्ही भरा."

हे 'वरचे' म्हणजे नक्की काय, हे फार थोडे लोक विचारतात. पेशंटला घरी न्यायची घाई असते, गाडी बाहेर उभी असते. मग कुणाकडून तरी उसने घेऊन पैसे भरले जातात आणि कागद पिशवीत जातात. कारखान्याचं ऊसबिल आलं की हाच माणूस तोडणी-वाहतुकीचे किती गेले, सोसायटीचे किती कापले, ही प्रत्येक कपात बोट ठेवून वाचतो. दवाखान्याच्या बिलातल्या कपातीही तशाच वाचता येतात. त्यासाठी डॉक्टर किंवा वकील असावं लागत नाही. तीन कागद लागतात.

तीन कागद कोणते

पहिला कागद पॅकेजचा, म्हणजे भरती होण्याआधी दवाखान्याने दिलेला खर्चाचा अंदाज. यात रक्कम तर हवीच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पॅकेजमध्ये काय धरलंय आणि काय वेगळं लागणार, हे लिहिलेलं हवं. नुसतं तोंडी "साठ हजारात होईल" याला नंतर काही किंमत राहत नाही. लेटरहेडवर घ्या, नाहीतर रुग्णालयाच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर मागवा.

दुसरा कागद अंतिम बिल. एका पानाचं गोषवारा-बिल चालणार नाही. प्रत्येक वस्तू, तिची संख्या आणि दर असलेलं तपशीलवार बिल मागायचं. औषधांचं बिल वेगळं असेल तर तेही घ्यायचं.

तिसरा कागद विमा कंपनीचं अंतिम मंजुरीपत्र. ते कंपनी किंवा तिच्या वतीने क्लेम बघणारी टीपीए संस्था दवाखान्याला पाठवते. त्यात मंजूर रक्कम असते आणि खाली कपातीची यादी कारणांसह असते. दवाखाना बहुतेक वेळा फक्त वरचा आकडा सांगतो. आपल्याला खालची यादी पाहिजे. विमा डेस्कवर सांगा, "मंजुरीपत्राची प्रत द्या." पॉलिसीधारकाच्या मोबाइलवर किंवा ईमेलवरही ते बऱ्याचदा आलेलं असतं.

एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू

हिशेब नीट समजावा म्हणून खालचे आकडे मी सोपे धरले आहेत. मात्र अशा कपाती प्रत्यक्षातही याच नावांनी लागतात.

समजा इंदापूर तालुक्यातल्या एका बाईंचं पित्ताशयाच्या खड्यांचं दुर्बिणीतून ऑपरेशन बारामतीत झालं. मुलाची पॉलिसी तीन लाखांची. पॉलिसीत रूम भाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. घरच्यांनी घेतली ४,५०० रुपयांची सिंगल रूम. मुक्काम तीन दिवस.

पॅकेजचा कागद सांगतो : ६०,००० रुपयांत तीन दिवसांची रूम, नर्सिंग, सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर आणि थिएटरमधलं साहित्य. औषधं व तपासण्या वेगळ्या, अंदाजे २०,०००. एकूण ८०,०००.

अंतिम बिल आलं ९०,००० रुपयांचं. ते असं :

पॅकेज ६०,०००
औषधं १८,०००
तपासण्या ६,०००
गॉज, ब्लेड, सर्जिकल टेप १,६००
फाइल व प्रशासकीय चार्ज ९००
ग्लोव्हज, मास्क, डायपर १,५००
'सर्जिकल किट' २,०००

विमा कंपनीने मंजूर केले ५६,०००. घरच्यांना सांगितलं, वरचे ३४,००० भरा.

आता आधी पहिला आणि दुसरा कागद जुळवू. अंदाज ८०,००० होता, बिल ९०,००० झालं, म्हणजे १०,००० वाढले. त्यातले ४,००० औषधं-तपासण्यांत वाढले. तिथे बघायचं की न वापरलेली औषधं मेडिकलला परत केली त्याचे पैसे वजा झालेत का. वॉर्डात मागवलेली आणि परत गेलेली इंजेक्शनं बिलात तशीच राहणं ही नेहमीची गोष्ट आहे. उरलेले ६,००० म्हणजे शेवटच्या चार ओळी. या चार ओळी पॅकेजच्या कागदावर नव्हत्याच. त्यांच्यावर खूण करून ठेवा.

आता तिसरा कागद. कपातीची यादी अशी निघते :

रूम भाड्यातला फरक ४,५००
पॅकेजच्या बाकी भागावर प्रमाणात कपात १५,५००
औषधांवर प्रमाणात कपात ६,०००
तपासण्यांवर प्रमाणात कपात २,०००
शेवटच्या चारही ओळी नामंजूर ६,०००

बेरीज बरोबर ३४,०००. बेरीज जुळली नाही तर पुढे जाऊच नका, आधी फरक कुठे आहे ते विचारा. बेरीज जुळली की प्रत्येक कपातीला एकच प्रश्न विचारायचा. हा भार कुणाचा, आपला, दवाखान्याचा की विमा कंपनीचा?

मोठा पैसा रूममध्ये जातो

लोक ग्लोव्हज आणि मास्कच्या ओळींवर भांडतात, पण सगळ्यात मोठी कपात दुसरीकडे आहे. मर्यादा ३,००० ची आणि रूम ४,५०० ची, म्हणजे दिवसाला १,५०० जास्त, तीन दिवसांचे ४,५०० आपल्या खिशातून जाणार, एवढंच बहुतेकांना वाटतं. तसं नाही. बऱ्याच पॉलिसींत असं कलम असतं की मर्यादेपेक्षा महाग रूम घेतली तर रूमशी निगडित बाकी खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. इथे ३,००० भागिले ४,५०० म्हणजे दोन तृतीयांश. पॅकेजमधले रूमचे १३,५०० वगळले तर सर्जन, भूल, थिएटर, नर्सिंगचे ४६,५०० राहतात. त्याचे दोन तृतीयांश ३१,००० मिळाले, १५,५०० गेले. म्हणजे रूममुळे गेले एकूण २०,०००.

पण हे प्रमाण कशाकशाला लावायचं याला हद्द आहे. विमा नियामक इर्डाने २०२० साली ठरवून दिलं की औषधं, वापरून टाकायचं साहित्य, शरीरात बसवायची उपकरणं आणि तपासण्या यांवर ही प्रमाणात कपात लावायची नाही. आयसीयूच्या भाड्यालाही ती लागत नाही. पॉलिसीत 'असोसिएट मेडिकल एक्स्पेन्सेस' या नावाची व्याख्या असते, तिथे हे वाचायला मिळतं. कारण साधं आहे. रूम सिंगल असो की जनरल, गोळीची किंमत बदलत नाही.

मग आपल्या उदाहरणात औषधांवर ६,००० आणि तपासण्यांवर २,००० कापले, ती कपात चुकीची. हे ८,००० विमा कंपनीकडून मागायचे.

आता त्याच नियमातली दुसरी गोष्ट, जी आपल्या तालुक्याच्या ठिकाणी जास्त कामाची आहे. ज्या दवाखान्यात रूमप्रमाणे बाकीचे दर बदलतच नाहीत, तिथे प्रमाणात कपात लावता येत नाही. पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात सिंगल रूम घेतली की सर्जनची फीसुद्धा वाढते. पण आपल्याकडच्या छोट्या दवाखान्यात जनरल वॉर्डात असा की स्पेशल रूममध्ये, सर्जन आणि थिएटरचा दर एकच, असं असू शकतं. हे ओळखायचं कसं? दवाखान्याचं दरपत्रक बघा. जनरल आणि सिंगलला ऑपरेशनचा दर एकच असेल तर रुग्णालयाकडून तसं एका ओळीचं पत्र घ्या. मग त्या १५,५०० वरही विमा कंपनीकडे दावा करता येतो. रूम भाड्यातल्या फरकाचे ४,५०० मात्र आपलेच राहतील. दर खरोखर रूमप्रमाणे वेगळे असतील, तर १५,५०० सुद्धा आपलेच. तिथे वाद घालून उपयोग नाही.

म्हणून भरतीच्या वेळी एकच प्रश्न विचारून ठेवा. "आमच्या पॉलिसीत रूमची मर्यादा किती, आणि त्यात बसणारी रूम कोणती?"

छोट्या ओळी सगळ्या सारख्या नसतात

आता शेवटच्या चार ओळी. विमा कंपनीने चारही नामंजूर केल्या म्हणजे चारही आपण भरायच्या, असं नाही.

इर्डाने अशा किरकोळ वस्तूंच्या चार याद्या केल्या आहेत. त्या पॉलिसीच्या शेवटी जोडलेल्या असतात. पहिल्या यादीत विमा साधारणपणे देत नाही अशा वस्तू आहेत. ग्लोव्हज, मास्क, डायपर, थर्मामीटर, क्रेप बँडेज, कमरेचा पट्टा, सोबतच्या माणसाचं जेवण, झेरॉक्स वगैरे. या आपल्या खर्चाच्या. कन्झ्युमेबल्सचं जादा कव्हर घेतलेलं असेल तर त्यातल्या बऱ्याचशा मिळतात. आपल्या उदाहरणातले १,५०० इथे बसतात. ते आपले.

बाकीच्या तीन याद्या वेगळ्या आहेत. दुसरी यादी सांगते की या वस्तू रूम भाड्यातच धरलेल्या आहेत. फाइल उघडण्याचा चार्ज, प्रशासकीय चार्ज, हाउसकीपिंग, एसी, ब्लँकेट, पल्स ऑक्सिमीटर, आणि 'मिसलेनियस' नावाची तपशील नसलेली रक्कम. तिसरी सांगते की या वस्तू ऑपरेशनच्या दरातच आहेत. गॉज, कापूस, सर्जिकल ब्लेड, टेप, एक्स-रे फिल्म. चौथी सांगते की या उपचाराच्या खर्चात आहेत. नोंदणी फी, युरिन बॅग, स्पिरिट, सॅनिटायझर, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या.

म्हणजे विमा कंपनी इथे म्हणते, "हे पैसे आम्ही रूम आणि ऑपरेशनच्या दरात दिलेत, परत वेगळे देणार नाही." मग दवाखाना तेच पैसे आपल्याकडून घेतो तेव्हा एकाच वस्तूचे दोनदा पैसे होतात. आपल्या पॅकेजच्या कागदावर तर 'थिएटरमधलं साहित्य' असं लिहिलेलंच होतं. तरी गॉज-ब्लेडचे १,६०० वेगळे लागले. फाइल चार्जचे ९०० धरून हे २,५०० दवाखान्याशी बोलायचे, विमा कंपनीशी नाही.

राहिलं 'सर्जिकल किट', २,०००. तपशील नसलेलं कुठलंही किट पहिल्या यादीत जातं आणि आपोआप नामंजूर होतं. दवाखान्याला सांगा, किटमध्ये काय काय होतं ते फोडून लिहून द्या. त्यात टाके घालायचा दोरा किंवा क्लिप यांसारखं उपचाराचं साहित्य निघालं तर विमा कंपनीकडे परत पाठवता येतं. ब्लेड-गॉज निघालं तर ते पॅकेजमधलंच.

आता परत बेरीज करू. आपले खरे २१,५००. विमा कंपनीकडून मागायचे ८,०००. दवाखान्याशी बोलायचे २,५००. तपशील मागून ठरवायचे २,०००. जे ३४,००० 'वरचे' म्हणून सांगितले होते, त्यातले १२,५०० प्रश्नात आले.

आणखी एक ओळ मंजुरीपत्रात दिसू शकते. 'हॉस्पिटल डिस्काउंट' किंवा 'एमओयू डिस्काउंट'. कॅशलेसच्या दवाखान्याने करारानुसार विमा कंपनीला दिलेली ही सवलत असते. ती दवाखान्याने सोसायची असते. ती रक्कम 'वरच्या'मध्ये धरून आपल्याकडून घेतली जात असेल तर तिथेच थांबवा. भरतीच्या वेळी भरलेलं डिपॉझिट वजा झालंय का, तेही बघा.

पॅकेजमध्ये काय, हा वाद जुनाच

हे सगळं कागदावर ठीक, प्रत्यक्षात दवाखाने ऐकतात का, असं कुणी म्हणेल. कोविडचा काळ आठवा. २१ मे २०२० ला राज्य सरकारने खासगी रुग्णालयांचे दर बांधून दिले. साध्या वॉर्डला दिवसाला ४,०००, आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. आकडे सगळ्यांच्या लक्षात राहिले, पण खरं काम त्याखालच्या यादीने केलं. बेड, नर्सिंग, डॉक्टरांची फी, ऑक्सिजन, जेवण, साध्या रक्ततपासण्या, एक्स-रे, ईसीजी हे त्या दरात धरलं होतं. पीपीई किट, सीटी स्कॅन, एमआरआय आणि महागडी ठरावीक औषधं बाहेर होती. त्यामुळे बिलं तपासायला नेमलेल्या लेखापरीक्षकांचं काम सोपं झालं. एक्स-रे वेगळा लावला तर चूक, सीटी वेगळा लावला तर बरोबर. जास्तीचे पैसे कमी झाले, काहींना परतही मिळाले. आता तो लेखापरीक्षक नाही. पण आत काय आणि बाहेर काय ही यादी हातात असली की तेच काम घरातला बारावी झालेला मुलगा करू शकतो.

डिस्चार्जच्या दिवशी काय करायचं

इर्डाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार दवाखान्याने डिस्चार्जची विनंती पाठवल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची असते. त्याहून उशीर झाला आणि त्यामुळे दवाखान्याने जादा पैसे लावले, तर ते कंपनीने सोसायचे. या तीन तासांत आपण बसून राहायचं नाही. डिस्चार्ज ठरला की लगेच तपशीलवार बिल मागायचं आणि पॅकेजच्या कागदाशी जुळवायचं. बिल विमा कंपनीकडे जायच्या आधी चूक सापडली तर ती दवाखान्यातच दुरुस्त होते. नंतर तेच काम महिन्यांवर जातं.

मंजुरीपत्र आल्यावर कपात चुकीची वाटली तर विमा डेस्कला सांगा, याच्यावर फेरविचाराची विनंती पाठवा. औषधांवरच्या प्रमाणात कपातीसारखी सरळ चूक असेल तर ती तिथल्या तिथे सुटू शकते. सुटली नाही आणि पेशंटला न्यायचंच असेल, तर पैसे भरा, पण बिलाच्या प्रतीवर लिहा, "खालील रकमांवर हरकत नोंदवून भरणा केला." रकमा लिहा, सही करा, पोच घ्या आणि फोटो काढून ठेवा. 'माझी काही तक्रार नाही' अशा छापील कागदावर न वाचता सही करू नका.

विमा कंपनीची चूक असेल तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्या. इर्डाच्या 'बिमा भरोसा' वर किंवा १५५२५५ या नंबरवरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल आहे. आपल्या जिल्ह्यासाठी त्यांचं कार्यालय पुण्यात नारायण पेठेत आहे. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं.

दवाखान्याची चूक असेल तर आधी लेखी अर्ज दवाखान्यालाच. दाद नाही मिळाली तर भिंतीवर लावलेलं नोंदणी प्रमाणपत्र बघा. ते ज्या आरोग्य अधिकाऱ्याने दिलंय, त्यांच्याकडे अर्ज करा.

शेवटी एक फरक लक्षात ठेवा. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत उपचार झाला असेल तर वरचा हिशेब करायची वेळच यायला नको. त्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतला दवाखाना आणि यादीतला उपचार असेल तर त्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. कुणी 'वरचे' मागितले तर तिथल्या आरोग्यमित्राला गाठा, नाहीतर १५५३८८ ला फोन करा. पण योजनेतून उपचार घ्यायचा की मेडिक्लेमवर, हे भरतीच्या वेळीच विचारून ठरवा. डिस्चार्जच्या दिवशी ते बदलता येईलच असं नाही.